चाचणी नॉर्मल, मग ॲडमिट कशाला?

प्रश्न: "बाबा ६२ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही. काल पहाटे उठल्यापासून घर गरगरतंय म्हणतात, उलट्या थांबत नाहीत. आधीच्या डॉक्टरांनी मानेच्या मणक्याची चक्कर म्हणून गोळ्या दिल्या. सीटी स्कॅन नॉर्मल. आज दुसऱ्या डॉक्टरांनी बाबांचं डोकं दोन्ही हातांत धरून झटकन वळवलं आणि म्हणाले, 'हे नॉर्मल आहे, म्हणूनच ॲडमिट करा, एमआरआय करू.' नॉर्मल आहे तर ॲडमिट कशाला? आम्ही नाशिकमध्येच आहोत."

उत्तर:

आधी ॲडमिट करा, बाकीचं हॉस्पिटलात बसून वाचा. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं उलटं वाटतं, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी ते बरोबर आहेत. मी नाशिकमध्ये मेंदूविकाराची प्रॅक्टिस करते आणि हा गोंधळ नातेवाइकांचाच नाही, कधी कधी आमच्या तरुण डॉक्टरांचाही होतो. वैद्यकात बहुतेक चाचण्या नॉर्मल आल्या की सुटकेचा श्वास टाकायचा असतो. ही एक चाचणी अशी आहे की ती बिघडलेली आली तर आम्हाला बरं वाटतं.

असं का, ते समजायला कानाचं काम थोडं बघावं लागेल. दोन्ही कानांच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारं यंत्र असतं. डोकं स्थिर असतानाही दोन्ही बाजूंनी मेंदूकडे सारखे संदेश जात असतात. बैलजोडी सारखी ओढते तेव्हा गाडी सरळ जाते. एक बैल बसला की दुसरा ओढत राहतो आणि गाडी बसलेल्या बैलाच्या अंगाला वळते. समजा उजव्या कानाची तोलाची नस सुजली, तर डोळे हळूहळू उजवीकडे सरकतात, मेंदू त्यांना हिसक्याने डावीकडे आणतो, ते पुन्हा सरकतात, पुन्हा हिसका. डोळ्यांच्या या हिसक्यांना आम्ही निस्टॅग्मस म्हणतो. रुग्णाला मात्र घर फिरतंय असंच दिसतं.

याच यंत्राचं दुसरं काम म्हणजे डोकं हललं तरी नजर जागेवर ठेवणं. डोकं उजवीकडे गेलं की डोळे तेवढेच डावीकडे जातात, म्हणून चालताना आपल्याला दुकानांच्या पाट्या वाचता येतात. हा मार्ग अगदी आखूड आहे. कानाची नस, ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूच्या देठातलं एक केंद्र, आणि तिथून डोळ्यांच्या स्नायूंची नस. सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात काम होतं. रुग्णाला विचार करायला वेळच नसतो, त्यामुळे इथे मनाने काही सावरून घेता येत नाही.

डोकं झटकन वळवणं म्हणजे या आखूड मार्गाची परीक्षा. सिडनीच्या हॅल्माजी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये ती मांडली, आणि तिला ना यंत्र लागतं ना वीज. मी रुग्णासमोर बसते, माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगते, मान सैल सोडायला लावते. डोकं दोन्ही हातांत धरून हळूहळू इकडेतिकडे हलवते आणि मग त्याला अंदाज नसताना एकदम वळवते. जेमतेम दहा ते वीस अंश, पण झपकन. माझं लक्ष फक्त डोळ्यांवर. मार्ग शाबूत असेल तर डोळे माझ्या नाकावर खिळलेले राहतात. उजव्या कानाची नस गेली असेल तर उजवीकडे झटका दिल्यावर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि क्षणभराने टुणकन उडी मारून परत नाकावर येतात. ती उडी एकदा पाहिली की विसरत नाही.

आता तुमच्या बाबांकडे येऊ. त्यांना कालपासून सतत गरगरतंय. कानाची नस गेल्यामुळे इतकं गरगरत असेल, तर ती उडी दिसायलाच हवी. ती दिसली नाही, म्हणजे कानापासून डोळ्यांपर्यंतचा मार्ग ठीक आहे. मग गरगरणं येतंय कुठून? उरतो तो मेंदूचा मागचा भाग, बहुतेक वेळा लहान मेंदू. तिथला रक्तपुरवठा तुटला तर थेट त्या आखूड मार्गाला धक्का लागत नाही, पण गरगरणं आणि उलट्या हुबेहूब कानाच्या आजारासारख्या होतात. हात-पाय चालतात, बोलणं स्पष्ट असतं, तोंड वाकडं होत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या मनात पक्षाघात येतच नाही.

पण या सगळ्याला एक अट आहे, आणि ती सुटली की सगळं चुकतं. चाचणीच्या वेळी गरगरणं चालू हवं आणि डोळ्यांत हिसके दिसायला हवेत. चक्कर येऊन गेली आणि आता रुग्ण खुर्चीत आरामात बसलाय, अशा वेळी डोकं वळवलं तर ते नॉर्मल येणारच, आणि त्यावरून पक्षाघात म्हणणं हा शुद्ध वेडेपणा होईल. तुम्ही 'उठल्यापासून घर गरगरतंय' असं लिहिलंय म्हणून मी हे ठामपणे सांगतेय. प्रत्यक्षात ते मधूनमधून थांबत असेल तर गणित बदलतं.

कारण आपल्याकडे चक्कर घेऊन येणाऱ्यांत फार मोठा गट वेगळाच असतो. कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि ठरावीक हालचालीला काही सेकंद जग फिरतं. अंथरुणात कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढला, की गरगर. द्राक्षांची विरळणी करणाऱ्या बायका दिवसभर मांडवाखाली मान वर करून काम करतात. हा त्रास असलेल्या बाईला तिथे दर घडागणिक चक्कर येते आणि घरचे म्हणतात उन्हाने झालं. अशा रुग्णात झटक्याची चाचणी करायचीच नाही. तिथे रुग्णाला पलंगावर बसवून डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं आणि पटकन मागे झोपवायचं, डोकं काठाखाली थोडं लोंबतं राहील असं. काही सेकंद काहीच होत नाही, मग डोळे वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे पिळल्यासारखे हिसके देतात आणि बहुतेकदा मिनिटाच्या आत थांबतात. हे चित्र जुळलं तर त्याच बैठकीत डोकं क्रमाने वळवून कण मूळ जागी नेता येतात. याउलट झोपवल्याबरोबर लगेच सुरू झाले, सरळ खालच्या दिशेने गेले आणि थांबायचं नावच घेत नाहीत, तर तिथेही मेंदूकडे बघायला हवं.

यात एक फसवणूक आहे. "डोकं हलवलं की चक्कर येते" हे ऐकून अनेकदा कणांचाच आजार ठरवून टाकला जातो. अहो, गरगरणाऱ्या कुठल्याही माणसाने डोकं हलवलं तर त्रास वाढतोच, लहान मेंदूच्या पक्षाघातातही वाढतो. विचारायचं ते असं की निपचित पडून राहिल्यावर गरगरणं पूर्ण थांबतं का? शून्यावर जाऊन हालचालीने पुन्हा सुरू होतं, की आधीपासून चालूच असतं आणि हालचालीने फक्त वाढतं? रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतून फोन आला की मी आधी हेच विचारते.

आणि ती 'मणक्याची चक्कर'. साठीच्या माणसाचा मानेचा एक्स-रे काढला तर झीज दिसणारच, माझ्याही मानेत दिसेल. त्या झिजेने चोवीस तास घर फिरत नाही आणि डोळे हिसके देत नाहीत. मला विचाराल तर या निदानाने आपल्याकडे जितका वेळ वाया जातो तितका दुसऱ्या कशाने जात नसेल.

एक रुग्ण सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. निफाडकडचे बागायतदार, पन्नाशी उलटलेले, बीपीची गोळी मनाला येईल तशी घेणारे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस. सकाळी बागेत फवारणी चालू असताना एकदम जमीन फिरली, बांधावर बसले, भडभडून उलट्या. घरच्यांना वाटलं औषध अंगावर आलं, विषबाधा झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या. त्या टाचणीएवढ्या झालेल्या नव्हत्या, तोंडाला लाळ नव्हती, घाम नव्हता. त्यांनी विषबाधा बाजूला ठेवून पुढे पाठवलं. नाशिकला पोचेपर्यंत दुपार झाली होती. सीटी नॉर्मल.

मी पाहिलं तेव्हा ते एका कुशीवर डोळे गच्च मिटून पडलेले. डोळे उघडायला लावले. समोर बघताना डावीकडे हिसके, डावीकडे बघताना ते वाढले. इथवर उजव्या कानाच्या आजारात चालून जाईल असं होतं, कारण कानाच्या आजारात हिसक्यांची दिशा एकच राहते आणि त्या दिशेला नजर नेली की ते जोर धरतात. मग उजवीकडे बघायला सांगितलं. क्षणभर थांबून हिसके उजवीकडे सुरू झाले. नजरेबरोबर दिशा बदलली! कानाला हे जमत नाही. नजर एका बाजूला धरून ठेवण्याचं काम ब्रेनस्टेम आणि लहान मेंदूचं असतं आणि ते बिघडलं की असं होतं.

मग झटका दिला. उजव्या कानाचा आजार असता तर उजवीकडच्या झटक्याला उडी दिसायला हवी होती. दोन्ही बाजूंना तीन-चारदा केलं, डोळे माझ्या नाकावरून हलले नाहीत. तिसरी गोष्ट, एक डोळा तळहाताने झाकायचा, मग पटकन दुसरा झाकायचा, असं आलटूनपालटून. उघडा पडलेला डोळा वर किंवा खाली सरकून स्थिर होतो का ते बघायचं. सरकला तर ब्रेनस्टेमकडे बोट जातं. यांच्यात सरकला नाही. पण तिन्ही खुणा वाईट निघाव्या लागत नाहीत, एक निघाली तरी बस्स. शेवटी कानाजवळ बोटं चोळून ऐकू येतं का पाहिलं, दोन्हीकडे ठीक. आणि पलंगाच्या कडेला बसवलं. हात न टेकता बसवेनात, एका अंगाला कलंडत होते. कानाच्या आजाराचा माणूस चालताना झोकांड्या देतो, पण सहसा धरून का होईना उभा राहतो. ज्याला बसताही येत नाही त्याला घरी पाठवू नये, बाकी चाचण्या काहीही म्हणोत.

पहिल्या संध्याकाळच्या एमआरआयमध्ये काहीच दिसलं नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, आता तर नेऊ ना घरी?" मी नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा काढला तेव्हा लहान मेंदूच्या खालच्या भागात पक्षाघाताचा पट्टा स्पष्ट होता. दरम्यान रक्त पातळ ठेवणारी औषधं सुरू केली होती, बीपीवर नजर होती. सूज फार वाढली नाही आणि काठी धरून चालत घरी गेले.

हे लांबवून सांगितलं कारण तुमच्याकडेही सीटी नॉर्मल म्हणून धीर दिला जातोय. सीटी रक्तस्राव पकडायला उत्तम. पण लहान मेंदू कवटीच्या जाड हाडांच्या खोबणीत बसलेला असतो आणि तिथला रक्त अडल्याचा ताजा पक्षाघात सीटीत बहुधा दिसतच नाही. एमआरआय कितीतरी चांगला, तरी पहिल्या ४८ तासांत तोही फसवतो. २००९ मध्ये डॉ. कट्टा आणि सहकाऱ्यांनी सतत गरगरणाऱ्या, पक्षाघाताचा धोका असलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पक्षाघात झालेल्यांपैकी १२ टक्के रुग्णांचा पहिला एमआरआय स्वच्छ आला होता, आणि पलंगाशेजारी केलेल्या या तीन खुणांनी मात्र ते सगळे पकडले. एक मात्र खरं, त्या अभ्यासात तपासणारे डोळे आणि मेंदू याच विषयात मुरलेले होते. सवय नसलेल्या हातात ही तपासणी इतकी अचूक राहत नाही.

हात चुकतो तो असा. झटका हळू दिला तर डोळे दुसऱ्या मार्गाने नाकाचा पाठलाग करू शकतात आणि खराब कानही चांगला वाटतो. रुग्णाने मान आवळून धरली, नेमक्या वेळी पापणी मिटली, किंवा आता कुठे वळवणार हे त्याला कळलं, तरी तेच. म्हणून हवं तर डॉक्टरांना "पुन्हा एकदा करून बघाल का?" असं जरूर विचारा, त्यात अपमान काही नाही. पण मान दुखत असेल, नुकताच मानेला मार लागला असेल किंवा कुणाकडून मान मोडून घेतली असेल, तर हे आधी सांगा. मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटूनही असं गरगरतं आणि अशा मानेला झटका द्यायचा नसतो. घरी व्हिडिओ बघून तर मुळीच करू नका.

उलट बाजूचीही एक चकवणारी जागा आहे. उडी दिसली म्हणजे कानच, असं दरवेळी नसतं. आतल्या कानाला रक्त पुरवणारी बारीक धमनी बहुतेकांत मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या एका धमनीचीच फांदी असते. मूळ धमनी बंद पडली तर कान आणि मेंदू दोन्ही एकदम मार खातात आणि झटक्याची चाचणी कानासारखीच बिघडलेली येते. तिथे धागा देते ती ऐकण्याची शक्ती. गरगरण्याबरोबर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर शुगर-बीपीच्या माणसात मी त्याला साधा कानाचा आजार म्हणत नाही. बाबांना फोन दोन्ही कानांना आळीपाळीने लावून बघा, फरक असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्या हातात काय? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ती वेळ गेली. पण ॲडमिट करण्यामागे त्याहून मोठं कारण आहे. लहान मेंदूतल्या पक्षाघाताची सूज दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास वाढते, जागा अरुंद, त्यामुळे ब्रेनस्टेम दाबला जाऊ शकतो किंवा मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. वेळेत लक्षात आलं तर न्यूरोसर्जन जागा करून देऊ शकतात. म्हणून हॉस्पिटल निवडताना रात्री सीटी होतो का आणि न्यूरोसर्जन बोलावता येतो का, हे दोन प्रश्न खोलीच्या भाड्याआधी विचारा. एक दिसायचं दोन दिसू लागलं, बोलणं जड झालं, गिळताना ठसका, सारखी उचकी, चेहऱ्याची एक बाजू बधिर, डोकं जोरात दुखायला लागलं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट बघू नका, सिस्टरला लगेच सांगा.

ते डॉक्टर चुकलेही असू शकतात. मी बाबांचे डोळे पाहिलेले नाहीत. दुसऱ्यांदा तपासल्यावर उडी दिसली, हिसके एकाच दिशेचे निघाले, उघडा पडलेला डोळा वर-खाली सरकला नाही, ऐकू नीट येतंय आणि ते धरून उभे राहताहेत, तर ती कानाच्या नसेची सूज असण्याची शक्यता खूप वाढते. मग दोन-तीन दिवसांत उलट्या ओसरतात. त्या स्थितीत चक्कर दाबणाऱ्या गोळ्या तीनेक दिवसांत बंद करायच्या असतात, महिनोन्महिने चालवल्या तर मेंदूला नव्या तोलाची सवय लागायला उशीर होतो. उलट्या थांबल्या की त्यांना उठवून चालतं करायचं.

या गोळ्या आणि उलटीची इंजेक्शनं गुंगी आणतात, हे आज रात्री लक्षात ठेवा. औषधाने लागलेली झोप आणि सुजेने येणारी ग्लानी लांबून सारखीच दिसते. पहिल्या डॉक्टरांनी दिलेली पट्टी सोबत न्या, शेवटची गोळी किती वाजता दिली ते लिहून ठेवा, आणि रात्री कुणीतरी दर दोन तासांनी बाबांना हाक मारून नाव, गाव, वार विचारा. हाकेला उठून नीट उत्तर दिलं तर ठीक. मागच्या वेळेपेक्षा जास्त हलवावं लागलं, तर "गोळीचीच झोप असेल" म्हणून सोडून देऊ नका, ड्युटी डॉक्टरांना उठवा.